दुसऱ्या ऑर्डरचे आभार कसे लिहावेत : बिबडे, पापड आणि मसाला पाठवणाऱ्यांसाठी

अमळनेर, चोपडा, यावल या भागातले अनेक बचत गट आणि घरगुती उद्योग उन्हाळ्यात उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे आणि काळा मसाला करून पुणे, नाशिक, सुरतच्या दुकानदारांना पाठवतात. पहिली ऑर्डर बहुतेक वेळा ओळखीतून येते. कुणाची मामेबहीण चिंचवडला असते, ती खालच्या दुकानात नमुना दाखवते आणि ५ किलो माल जातो. खरी बातमी दुसरी ऑर्डर देते. माल विकला गेला, गिऱ्हाइकाने पुन्हा मागितला आणि दुकानदाराने आपला नंबर शोधून फोन केला, हे सगळं त्यात असतं. त्यावर आपण काय पाठवतो? ‘थँक्स ताई’, दोन हात जोडलेले, आणि पाठोपाठ दरपत्रक.

ते दरपत्रक न जोडता, दुकानदाराला वाचावंसं वाटेल असं पाच-सहा ओळींचं आभारपत्र कसं तयार करायचं, ते इथे एका ऑर्डरवर करून दाखवलं आहे. ऑर्डर अशी धरू : चिंचवडच्या एका दुकानदार ताईंनी एप्रिलमध्ये ५ किलो उडदाचे पापड आणि ३ किलो बिबडे नेले. मे महिन्याच्या शेवटी त्यांनी पुन्हा फोन करून ८ किलो पापड, ५ किलो बिबडे आणि २ किलो काळा मसाला सांगितला.

नेहमीचा संदेश का खटकतो

आधी साधारण जो संदेश जातो तो पाहू.

> थँक्स ताई, पुन्हा ऑर्डर दिल्याबद्दल खूप खूप धन्यवाद!! आमच्याकडे कुरडया, शेवया, कैरीचं लोणचं पण मिळेल. १० किलोच्या वर पापड घेतले तर किलोमागे २० रुपये कमी करून देऊ. पावसाळ्याआधी स्टॉक भरून ठेवा. अजून कोणाला हवं असेल तर आमचा नंबर द्या.

यात आभाराचं वाक्य एक आहे आणि मागणीची चार. लिहिणाऱ्या बाईच्या मनात लोभ नसतो. माल करून घरात पडलेला असतो, तो सांगावा असं तिला वाटतं. पण ताईंच्या बाजूने बघा. त्यांनी नुकते ८ किलोचे पैसे गुंतवले आहेत आणि त्यांना लगेच ऐकू येतं की १० किलो घेतले असते तर स्वस्त पडले असते. म्हणजे आभार मानता मानता आपण त्यांचा व्यवहार चुकला असं सुचवलं. सवलतीचा आकडा आभारात घातल्याने होणारं हे सगळ्यात मोठं नुकसान आहे, आणि ते लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

दुसरी गोष्ट, हा संदेश कुणालाही जाऊ शकतो. त्यात चिंचवड नाही, बिबडे नाहीत, एप्रिलची खेप नाही. दुकानदाराला असे संदेश दिवसातून दहा येतात आणि सगळे एकाच साच्यातले असतात.

लिहिण्याआधी वही उघडा

जिव्हाळा विशेषणांनी आणता येत नाही, तो तपशिलातून येतो. म्हणून मोबाइल हातात घेण्याआधी ऑर्डरची वही घ्या आणि पहिली व दुसरी नोंद शेजारी शेजारी ठेवून बघा.

पहिल्यांदा पाहायचं ते काय वाढलं. इथे पापड ५ वरून ८ किलो झाले आणि बिबडे ३ वरून ५. पापड कुठेही मिळतो, बिबडे मिळत नाहीत. तेव्हा बिबड्यांची वाढ जास्त बोलकी आहे आणि पत्रात तीच यावी. मसाला पहिल्यांदाच मागवला आहे, त्याचा उपयोग पुढे येईल.

मग पाहायचं मागच्या खेपेला त्या काय बोलल्या होत्या. समजा वहीच्या कडेला लिहिलेलं आहे : ‘बिबड्यांच्या कडा फुटल्या. भुसावळकडच्या एक आजी रोज विचारायला येतात.’ या एका ओळीत आभारपत्राचा निम्मा मजकूर आहे. अशी नोंद नसेल तर आठवणीवर विसंबून काही रचू नका. त्यांनी न बोललेलं त्यांच्या नावावर घातलं तर ते लगेच कळतं. नोंद नसेल तेव्हा नुसती मालातली वाढ लिहिली तरी पुरतं. आणि आजपासून फोन ठेवल्या ठेवल्या एक ओळ टिपायची सवय लावा : दिवस, माल, आणि त्यांच्या तोंडचं एक वाक्य, जसंच्या तसं.

शेवटी पाहायचं की त्यांच्या बोलण्यावरून आपण काय बदललं. कडा फुटल्या म्हणून या वेळी २५-२५ बिबड्यांच्या चळती करून मध्ये पुठ्ठा घातला असेल, तर ते सांगण्याजोगं आहे. काही बदललं नसेल तर ही ओळ येणार नाही. पण मग कडा पुन्हा फुटतील आणि आभारपत्राचा उपयोग होणार नाही, हेही लक्षात ठेवा.

कधी पाठवायचं

ऑर्डर आल्या क्षणी जो संदेश जातो तो पोच म्हणून जातो. त्यात माल, वजन, दर, एकूण रक्कम, कधी निघेल आणि कशाने निघेल एवढं असावं. तो छापील असला तरी चालतो. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये त्वरित उत्तर म्हणून तो साठवून ठेवा, दर वेळी आकडे बदला. त्याच्या शेवटी ‘आभारी आहोत’ इतकं पुरे.

आभारपत्र वेगळं आणि ते माल पोचल्यानंतर. माल पोचल्याचं कळलं की दुसऱ्या दिवशी, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, दुकान जरा शांत असतं तेव्हा. माल वाटेत असताना पाठवू नका. पार्सल अडकलं किंवा खोकं दबलं, तर आधी आलेले गोड शब्द दुकानदाराला टोचतात.

उधारी बाकी असेल तर जास्त काळजी घ्या. आभार आणि पैशांची आठवण एकाच दिवशी गेली की आभार ही फक्त प्रस्तावना ठरते. दोन्हींत किमान तीन-चार दिवस ठेवा. पैसे आधी मागायचे असतील तर आधी ते स्पष्ट मागा, ते आल्यावर आभार लिहा. उलट क्रमाने केलं तर पुढच्या वेळी तुमचं ‘नमस्कार ताई’ दिसताच त्या बाकी मोजू लागतील.

मजकूर बांधणं

पाच ओळी पुरेत, सहा झाल्या तरी चालतील. लांब संदेश व्हॉट्सअॅप दुमडून टाकतो आणि उरलेलं वाचायला बोट लावावं लागतं. गल्ल्यावर बसलेलं माणूस ते लावत नाही.

पहिल्या ओळीत नाव किंवा नातं आणि लगेच नेमकी गोष्ट. मोबाइलच्या पडद्यावर वरून जी पट्टी सरकते तिच्यात सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. तिथे ‘आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल’ दिसलं तर ती जाहिरात समजून बाजूला जाते. ‘ताई, ५ किलो बिबडे’ दिसलं तर ती उघडली जाते.

संबोधन जे फोनवर वापरता तेच ठेवा. फोनवर ताई म्हणायचं आणि लिहिताना ‘आदरणीय ग्राहक’ करायचं, याने अंतर वाढतं. वयाने मोठ्या दुकानदाराला आपल्याकडे अण्णा, आबा, नाना म्हणतात, बरोबरीच्याला भाऊ किंवा दादा. पण हे नातं आधी बोलण्यात आलेलं असेल तरच लिहा. दुकानदार गुजराती किंवा मारवाडी असेल आणि फोनवर नेहमी ‘शेठ’ म्हणत असाल तर तेच बरोबर. क्रियापद मात्र सगळीकडे ‘तुम्ही’ला धरून. ‘आपण’ वापराल तर पत्र सरकारी वाटेल.

दुसरी ओळ त्यांच्या बोलण्याची, तिसरी आपण त्यावर काय केलं त्याची. चौथी ओळ जरा वेगळी आहे आणि माझ्या मते पत्रातली सर्वांत कामाची : त्यांनी आधीच विकत घेतलेल्या मालाविषयी एक उपयोगी गोष्ट. विकण्याची इच्छा जी जागा शोधत असते ती जागा हिने भरते. नवं काही सांगावंसं वाटणं साहजिक आहे, ते मसाल्याच्या किंवा बिबड्यांच्या सांभाळण्याबद्दल सांगा. चिंचवडला पाऊस लागला की हवा दमट होते, बिबडे सादळतात आणि भाजल्यावर फुलत नाहीत. तेव्हा बरणीत भरण्याआधी एक दिवस कडक ऊन दाखवायचं आणि झाकण घट्ट लावायचं. काळ्या मसाल्यात खोबरं असतं, तेल सुटतं. काचेच्या बरणीत, वर खडा हिंग ठेवून, कोरड्या चमच्याने काढला तर त्याचा वास टिकतो आणि गुठळ्या होत नाहीत. हे दुकानदाराला कळलं की तो ते गिऱ्हाइकाला सांगतो. फक्त दोन्ही सूचना एका पत्रात कोंबू नका. या ऑर्डरीत मसाला त्यांना नवा आहे, बिबडे त्या एकदा विकून झाल्या आहेत, म्हणून मसाल्याची घ्यावी असं वाटेल. पण जून तोंडावर आहे आणि ५ किलो बिबडे सादळले तर नुकसान मोठं. मी बिबड्यांची घेईन. मसाल्याची सूचना पाकिटावरच्या चिठ्ठीवर जाईल.

शेवटची ओळ आभाराची, साधी, एकदाच. ‘मनापासून आभार’ पुरे. ‘खूप खूप’, ‘शतशः’, ‘ऋणी’ यांनी काही वाढत नाही, आणि ‘तुम्ही आमच्या परिवारातलेच’ हे दोन ऑर्डरींवर कुणाला पटत नाही. सहीत नुसतं ब्रँडचं नाव नको. माल कुठून आणि कुणाच्या हातचा, ते लिहा.

तयार झालेलं पत्र

> ताई, ५ किलो बिबडे काल नीट पोचले हे ऐकून बरं वाटलं. मागच्या खेपेला तुम्ही भुसावळकडच्या आजींचं सांगितलं होतं, त्यांना आता मिळाले असतील. तेव्हा कडा फुटल्या होत्या म्हणून या वेळी २५-२५ ची चळत करून मध्ये पुठ्ठा घातला आहे. तरी फुटले असतील तर तसं सांगा. पाऊस लागायच्या आधी बिबड्यांना एक दिवस कडक ऊन दाखवून डबा घट्ट लावा, मग पावसाळ्यात सादळायचे नाहीत. पुन्हा आमच्याकडून माल घेतलात, मनापासून आभार.
> अमळनेरहून, गटातल्या सगळ्या जणी

‘ताई’च्या पुढे प्रत्यक्षात त्यांचं नाव येईल. यात एकच विनंती आहे, ती तक्रार सांगण्याची, आणि ती ठेवण्याजोगी आहे. नेहमीचं ‘काही लागलं तर सांगा’ वाईट नाही, पण आभारानंतर ते पुढच्या ऑर्डरीकडे बोट दाखवतं. ‘फुटलं असेल तर सांगा’ हे याच खेपेची जबाबदारी घेतं.

विक्री कुठे लपून बसते

पत्र झालं की एकदा फक्त चाळणी लावायला वाचा. प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारा : या ताईंनी यापुढे एक किलोही घेतला नाही, तरी हे वाक्य त्यांच्या उपयोगाचं किंवा त्यांना आवडण्याजोगं आहे का? उन्हाची सूचना टिकते, आजींची ओळ टिकते. ‘कुरडया पण मिळतील’ टिकत नाही.

‘पण’ आणि ‘अजून’ हे दोन शब्द दिसले की थांबा, त्यांच्यामागे बहुधा नवा माल असतो. ‘पुढच्या वेळी’ने सुरू होणारं वाक्य काढा. ‘लवकरच पुन्हा सेवेची संधी मिळो’ ही तर मागणीच, जरा सजवलेली. स्टार द्या, चार ओळी लिहून द्या, स्टेटसला लावा, ओळखीच्यांना नंबर द्या, यात पैसे मागितले नाहीत म्हणून ते आभारात चालतं असं समजलं जातं. पण दुकानदाराचा वेळ मागितलाच ना. हव्या असतील तर त्या गोष्टी दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या संदेशात, सरळ विचारा.

मजकुराबाहेरची विक्रीही तपासा. सोबत जोडलेला दरपत्रकाचा फोटो, आपोआप लागणारी कॅटलॉगची लिंक, सहीखालची ‘होलसेल भावात सर्व उन्हाळी पदार्थ’ ही ओळ. पत्र कितीही चांगलं असो, वाचणाऱ्याची नजर शेवटी तिथे जाते आणि आधीचं सगळं तिच्यासाठीच लिहिलं होतं असं वाटतं. चुकून गेलंच तर पाठवल्यापासून १५ मिनिटांत मजकूर सुधारता येतो. फोटो मात्र काढून टाकावा लागतो.

सांगायलाच हवं असं काही असेल तर

इथे खरी अडचण येते. ढग जमू लागले की बिबडे घालता येत नाहीत, घातले तर वाळत नाहीत आणि आंबूस वास धरतात. दुकानदाराला हे माहीत नसेल तर जुलैत तो मागेल आणि आपल्याकडे नसतील. मग ‘पावसाळ्याआधी भरून ठेवा’ यात चूक काय?

माहितीत चूक नाही, तिची जागा चुकली. ही माहिती ऑर्डर घेतानाच फोनवर द्यायची, म्हणजे त्यांना आकडा ठरवता येतो : ‘ताई, बिबड्यांचा शेवटचा घाणा ५ जूनच्या आसपास होईल, त्यानंतर थेट पुढच्या उन्हाळ्यात. ५ किलो राहू द्यायचे ना?’ त्या ‘हो’ म्हणाल्या की विषय संपला. ऑर्डर ठरल्यानंतर, माल पोचल्यानंतर तेच सांगितलं तर तो दबाव होतो, कारण आता त्यांना पुन्हा पैसे काढायला लावतोय. उडदाच्या डाळीचे भाव चढल्यामुळे पापडाचा दर वाढणार असेल तेव्हाही असंच. दरवाढ वेगळ्या संदेशात, तारीख आणि नवा दर लिहून.

त्यांनी आपणहून विचारलं असेल, ‘कुरडया करता का?’, तर उत्तर देणं म्हणजे माल गळ्यात मारणं नाही. तरी ते उत्तर आभारपत्रात नको. त्याच दिवशी वेगळ्या संदेशात दर आणि नमुना मिळेल का ते लिहा, म्हणजे दोन्ही गोष्टींचा मान राहतो.

कागदावर लिहायचं असेल तर

खोक्यात हाताने लिहिलेली चिठ्ठी गेली तर मोबाइलवरचं पत्र पाठवू नका, दोन्हीकडे तोच मजकूर आला की दोन्हींची किंमत जाते. कागद पोस्टकार्डाएवढा, जाडसर. बॉलपेनने लिहा, जेलपेनची शाई दमटपणाने पसरते. चिठ्ठी छोट्या पिशवीत घालून खोक्याच्या वरच्या झाकणाखाली चिकटवा, पापडांत खोचू नका. बऱ्याच दुकानांत खोकं नोकर उघडतो आणि रद्दीबरोबर चिठ्ठी टाकून देतो. म्हणून पिशवीवर मालकिणीचं नाव मोठ्या अक्षरात हवं. माल पोचायच्या आधी ती लिहिली जाते, तेव्हा ‘नीट पोचले’ ही ओळ बदलून ‘नीट पोचतील अशी बांधणी केली आहे’ करा.

दुकानदार वयस्कर असेल, खानदेशातलाच असेल आणि तुमचं बोलणं अहिराणीत होत असेल, तर लिहिण्यापेक्षा बोलून पाठवा. अहिराणी लिहिताना आपलेच शब्द वाचायला अवघड होतात, कानाला मात्र ती लगेच जवळची वाटते. अर्ध्या मिनिटापेक्षा लांब नको, आणि मागे गिरणीचा आवाज नको.

लागलं की नाही हे कसं ओळखायचं

उत्तर आलं नाही म्हणून पत्र फसलं असं नाही. अंगठा आला तरी ठीक. ‘सध्या काही नको’ असं उत्तर आलं तर मात्र पत्र विक्री म्हणून वाचलं गेलं, हे नक्की समजा. मग ते पुन्हा उघडून बघा, कुठेतरी ‘पण’ राहिलेला सापडेल. त्यांनी गिऱ्हाइकाचं काही सांगितलं, ‘आजी दोन किलो घेऊन गेल्या’ असं, तर पत्र बरोबर जागी पोचलं. हे वाक्य लगेच वहीत उतरवा.

तिसऱ्या ऑर्डरला असंच पत्र पाठवू नका. दर खेपेला सहा ओळी आल्या की ती रीत होते आणि वाचणं थांबतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी पोचेच्या संदेशात एक नेमकी ओळ घाला, ‘पुठ्ठ्याची बांधणी याही वेळी केली आहे’ एवढी. पूर्ण पत्र पुन्हा लिहायचं ते हंगाम संपल्यावर, शेवटचा माल गेला की. तेव्हा वर्षभरात त्यांनी किती किलो नेलं आणि काय काय सांगितलं, हे वहीत तयार असतं.

एकच पत्र नाव बदलून दोघांना पाठवणं टाळाच. चिंचवड आणि निगडीचे दुकानदार एकमेकांना ओळखतात, बऱ्याचदा नात्यातले असतात, आणि मोबाइल दाखवायला वेळ लागत नाही. आठ-दहा दुकानदार असतील तर सगळ्यांना एका दिवशी लिहायला बसू नका. ज्याचा माल पोचला त्याचं पत्र दुसऱ्या दिवशी. वही समोर असेल तर एका पत्राला दहा मिनिटं लागतात. पाठवल्यावर वहीत त्या ऑर्डरपुढे ‘आ’ लिहून तारीख टाका आणि पत्रातली मुख्य गोष्ट दोन शब्दांत नोंदवा, ‘आजी, पुठ्ठा’ अशी, म्हणजे पुढच्या वेळी तीच ओळ पुन्हा जाणार नाही.